मागच्याला ब्रेक मारून धडा शिकवता येतो का?

गाडी मागे चिकटवून वरचेवर डिपर मारणाऱ्या चालकाबद्दल रस्त्यावर एक समज घट्ट रुतून बसला आहे: एकदा कचकन ब्रेक मारला की तो वठणीवर येतो, आणि धडकलाच तर चूक त्याचीच, कारण मागून धडकणारा नेहमी दोषी असतो. चहाच्या टपरीवर हा सल्ला अनुभवाचे बोल म्हणून दिला जातो. त्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. पहिला गतीच्या हिशेबात टिकत नाही आणि दुसरा न्यायालयात.

आधी हिशेब पाहू. अंबाजोगाई-घाटनांदूर-अहमदपूर रस्त्यावर एक कार ताशी 60 किलोमीटरने चालली आहे आणि मागची जीप 10 मीटरवर आली आहे, असे धरू. या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे जाते, म्हणजे दोघांमध्ये सेकंदाचा जेमतेम सहा दशांश भाग उरतो. समोरचा लाल दिवा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही सुमारे एक सेकंद लागतो. कारने जोराचा ब्रेक मारला, तर जीपवाल्याने तो सेकंद गेल्यावर तितक्याच जोराने ब्रेक दाबला तरी जीप आदळतेच, आणि त्या क्षणी दोन्ही गाड्यांच्या वेगातला फरक ताशी सुमारे 25 किलोमीटर असतो. कारच्या मागच्या सीटवर लेकरे असतील, तर ती धडकेच्या अगदी जवळ बसलेली असतात. पुढे कारऐवजी मोटारसायकल असेल, तर स्वार रस्त्यावर फेकला जातो. मागे भरलेला हायवा असेल, तर तो कारइतक्या अंतरात थांबू शकत नाही. शिकवणी ज्याला द्यायची, त्याच्याभोवती भक्कम लोखंड असते. मार बसतो तो शिकवणाऱ्याला.

आता कायदा. मागच्याने पुरेसे अंतर ठेवलेच पाहिजे, हे खरे आहे. निशान सिंग प्रकरणात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ट्रकच्या मागे 10 ते 15 फुटांवर चाललेल्या कारचे अंतर सुरक्षित मानले नाही. हा निकाल अर्धवट ऐकून लोक निर्धास्त होतात. पण 2025 च्या जुलैमध्ये त्याच न्यायालयाने एस. मोहम्मद हकीम प्रकरणात दुसरी बाजू स्पष्ट केली. 2017 साली कोइम्बतूरमध्ये एका कारचालकाने महामार्गावर अचानक गाडी थांबवली. मागचा मोटारसायकलस्वार कारवर आदळून पडला, त्याच्या अंगावरून बस गेली आणि त्याचा पाय कापावा लागला. गर्भवती पत्नीला उलटीची भावना झाली म्हणून थांबलो, असे कारचालकाचे म्हणणे होते. तरीही इशारा न देता महामार्गावर एकाएकी थांबणे हा निष्काळजीपणा ठरला. कारचालकावर 50 टक्के, बसचालकावर 30 टक्के आणि अंतर न राखणाऱ्या मोटारसायकलस्वारावर 20 टक्के जबाबदारी आली. आजारी माणसासाठी मारलेल्या ब्रेकची ही गत असेल, तर रागाने मारलेल्या ब्रेकला कोण वाचवणार? ‘मागचा नेहमी दोषी’ हे वाक्य यापुढे कोणी कोणाला ऐकवू नये.

मागच्या गाडीने खाऊन टाकलेले अंतर मागे परत मिळवता येत नाही. ते पुढे वाढवावे लागते. हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे आणि तोच कोणी सांगत नाही. समोरची गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या बाभळीपाशी पोचली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मोजावे. एरवी आपली गाडी त्या झाडापाशी येईपर्यंत किमान दोन सेकंद जायला हवेत. मागे कोणी चिकटलेला असताना ते चार करावेत. मग पुढे काही आडवे आले तरी ब्रेक हळूहळू दाबता येतो आणि मागच्यालाही थांबायला वेळ मिळतो.

ऊसतोडीच्या हंगामातली संध्याकाळ घ्यावी. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आहे, ट्रॉलीला टेल लाइट नाही, रेडियमच्या पट्टीवर चिखल बसला आहे. मागची जीप डिपर मारते आहे. अशा वेळी चालकाची नजर आरशात अडकते आणि खरा धोका समोर अंधारात राहतो. म्हणून आरशाकडे क्षणभरच पाहावे आणि नजर पुन्हा रस्त्यावर आणावी. आतल्या आरशाच्या खालची छोटी कळ ओढली की मागच्या दिव्यांची तिरीप बोथट होते. मग ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा, ट्रॅक्टरपासूनचे अंतर वाढू द्यावे आणि गती कमी करण्याच्या बऱ्याच आधी ब्रेकला नुसता स्पर्श करून लाल दिवा दाखवावा. या स्पर्शाने गाडी मंदावता कामा नये. मंदावली तर तो इशारा न राहता झटका होतो.

रस्ता सरळ आणि समोरून मोकळा दिसला की डावीकडे सरकून वेग थोडा कमी करावा आणि जीपला जाऊ द्यावे. ती बाजूला आली असताना वेग वाढवणे नियमाविरुद्ध आहे, आणि त्यामुळे तिला समोरच्या गाडीच्या तोंडी जास्त वेळ राहावे लागते. मात्र साइड देण्याच्या घाईत डांबर सोडून खाली उतरू नये. साइडपट्टी खचलेली असते, आणि वेगात तिथे उतरलेले चाक परत वर घेताना गाडी उलटू शकते. जागा नसेल, तर पुढच्या फाट्यापर्यंत आहे त्याच वेगाने जावे.

किरकोळ समजही बरेच आहेत. डिपर म्हणजे शिवीच, असे नाही: मागच्याला पुढे जायचे असते, कधी रुग्णवाहिका असते, तर कधी उघडे दार, खाली राहिलेला स्टँड किंवा चाकात जाऊ पाहणारा पदर त्याला दाखवायचा असतो. वेग वाढवला की पिच्छा सुटतो, हेही खरे नाही. मागचाही वेग वाढवतो, आणि पुढे अचानक थांबायची वेळ आली तर तेवढेच अंतर आता आणखी अपुरे पडते. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवणे उपयोगाचे नाही, कारण मग वळण्याचा इशाराच कळत नाही. उजवा इंडिकेटर देऊन मागच्याला ‘जा’ म्हणण्याची ट्रकवाल्यांची रीत टाळावी. मागचा तो वळण्याचा इशारा समजू शकतो. मोटारसायकलचे आरसे काढून टाकणाऱ्याला तर मागे काय आहे हेच कळत नाही.

साइड देऊनही गाडी पुढे न जाता मागेच राहिली, तर प्रकरण वेगळे आहे. निर्जन जागी थांबून जाब विचारू नये आणि घराकडेही वळू नये. माणसांची वर्दळ आणि उजेड असेल तिथे, म्हणजे पेट्रोल पंपावर, घाटनांदूरच्या बाजारपेठेत किंवा पोलीस ठाण्याकडे गाडी न्यावी, काचा बंद आणि दारे लॉक ठेवावीत, शेजारी बसलेल्याला गाडीचा नंबर टिपून घ्यायला सांगावे आणि 112 वर फोन करावा. चालक एकटा असेल, तर त्याने गाडी थांबल्यावरच फोन हातात घ्यावा.