नेमके किती, कधीपर्यंत आणि कोणते कागद?

डिसेंबर उजाडला की सीए आणि कर सल्लागारांच्या ऑफिसातून सगळ्या क्लायंटना व्हॉट्सअॅपवर एक मेसेज जातो. तो साधारण असा असतो:

"महोदय, आयकर कायद्याच्या कलम 208 व 211 नुसार चालू आर्थिक वर्षाच्या अॅडव्हान्स टॅक्सचा तिसरा हप्ता (75 टक्के) मुदतीत भरणे बंधनकारक आहे. कलम 234 बी व 234 सी अन्वये व्याज टाळण्यासाठी आवश्यक ती कागदपत्रे त्वरित सादर करून सहकार्य करावे."

कायद्याच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही. पण हार्डवेअरचे दुकान चालवणाऱ्या माणसाने गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता हा वाचला, तर त्याच्या हाती काय लागते? मुदत कोणती ते लिहिलेले नाही. कागद कोणते ते नाही. रुपये किती, तेही नाही. आकडा म्हणून फक्त 75 टक्के दिसतात, आणि सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो.

टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर 10,000 रुपये किंवा जास्त निघत असेल, तर तो चार हप्त्यांत भरायचा असतो. 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत पूर्ण. हे टक्के एकत्रित आहेत, म्हणजे आधीचे हप्ते त्यातच धरलेले आहेत. डिसेंबरात 75 टक्के भरायचे नसतात. डिसेंबरपर्यंत जमेला 75 टक्के असावे लागतात. नुसते '75 टक्के' वाचणारा एकतर धसका घेतो, नाहीतर गेल्या वेळी भरले तेवढेच पुन्हा भरून मोकळा होतो.

सांगलीतल्या अशाच एका दुकानदाराचे उदाहरण घेऊन आर्थिक वर्ष 2025-26 चा हिशेब मांडू. वर्षअखेर दुकानाचा नफा 15 लाख होईल असा अंदाज आहे. एका बँकेतल्या एफडीचे व्याज 1 लाख. एकूण 16 लाखांवर नव्या कररचनेनुसार 1,20,000 रुपये कर येतो; 4 टक्के सेस धरून 1,24,800. व्याजावर बँक 10,000 टीडीएस कापेल, म्हणजे उरले 1,14,800. त्याचे 75 टक्के 86,100. त्यांनी जूनमध्ये 15,000 आणि सप्टेंबरमध्ये 35,000 भरले आहेत. म्हणून आता भरायचे 36,100. मेसेजची सुरुवात या आकड्याने व्हायला हवी, कारण फोनच्या पडद्यावर न उघडता दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळीच.

मात्र एकटा आकडा दिला, तर तो सरकारी मागणीसारखा वाटतो आणि क्लायंट निमूटपणे भरून टाकतो. तो अंदाज आहे, आणि कशावरून बांधला आहे, हे त्याला दिसले पाहिजे. यंदा मोठ्या बांधकामाची ऑर्डर मिळून नफा 15 ऐवजी 17 लाखांवर जाणार असेल, तर वरच्या 2 लाखांवर 20 टक्क्यांनी सेससह 41,600 रुपये कर वाढतो आणि डिसेंबरचा भरणा 67,300 होतो. ऑर्डरची बातमी दुकानदाराकडे असते, सीएकडे नसते. 'नफा 15 लाख धरला आहे' हे साधे वाक्य वाचूनच तो फोन उचलतो. माझ्या मते सगळ्या मेसेजमधले हे सर्वांत कामाचे वाक्य आहे.

कागदांचेही तसेच. 'आवश्यक ती कागदपत्रे' म्हटले की कोणी काहीच पाठवत नाही, तर कोणी एलआयसीच्या पावत्यांसकट सगळे फोटो धाडून देतो, ज्यांचा नव्या कररचनेत उपयोग नाही. या दुकानाचे जीएसटी रिटर्न सीएच भरतात, त्यामुळे विक्री-खरेदीची बिले पुन्हा मागायचे कारण नाही. नसते ती स्टॉकची माहिती. दिवाळीच्या सुमारास भरलेला माल गोदामात पडून असेल आणि तो न मोजता नुसती खरेदी वजा केली, तर नफा कागदावर कितीतरी कमी दिसतो आणि अंदाज तिथेच फसतो. म्हणून 30 नोव्हेंबरचा शिल्लक माल अंदाजे किती रुपयांचा, हे विचारायलाच हवे.

आता मेसेज नव्याने लिहू:

"नमस्कार साहेब. सोमवार, 15 डिसेंबर 2025 पर्यंत अॅडव्हान्स टॅक्सचे 36,100 रुपये भरायचे आहेत. हा आमचा अंदाज आहे.

वर्षाचा नफा 15 लाख आणि एफडीचे व्याज 1 लाख धरले आहे. टीडीएस वजा करून वर्षाचा कर 1,14,800 होतो. त्यातले 86,100 डिसेंबरपर्यंत भरलेले असावे लागतात. तुम्ही 50,000 भरले आहेत.

नफा यापेक्षा बराच कमी-जास्त होईल असे वाटत असेल, किंवा 1 एप्रिलनंतर जागा, शेअर अथवा सोने विकले असेल, तर भरण्याआधी फोन करा. आकडा बदलेल.

मंगळवार, 9 डिसेंबरपर्यंत एवढेच पाठवा: करंट खात्याचे 1 एप्रिल ते 30 नोव्हेंबरचे स्टेटमेंट, 30 नोव्हेंबरच्या शिल्लक मालाची अंदाजे किंमत, बँकेकडून एफडीच्या व्याजाचा तपशील. ते पाहून 11 तारखेला पक्का आकडा कळवतो. कागद जमले नाहीत तरी 36,100 मुदतीत भरा.

हा हप्ता 15 डिसेंबरपर्यंत भरला नाही, तर 1,083 रुपये व्याज लागेल."

यात दोन तारखा आहेत आणि प्रत्येकीपुढे काम लिहिले आहे. एकच तारीख दिली की कागद 14 तारखेला रात्री येतात आणि अंदाज तपासायला वेळच उरत नाही. व्याजाचा आकडा म्हणजे 36,100 वर दरमहा 1 टक्का, तीन महिन्यांचा. रक्कम छोटी दिसेल, पण कलमांच्या धाकापेक्षा ती खरी आहे. शिवाय 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झाल्यावर कलमांचे क्रमांक बदलतात. क्लायंटने ते लक्षात ठेवण्यात अर्थ नाही.

भरताना होणाऱ्या चुकांसाठी एक वेगळा छोटा मेसेज पक्क्या आकड्यासोबत जावा. incometax.gov.in वर e-Pay Tax उघडून Assessment Year 2026-27 आणि Advance Tax (100) निवडायचे. 2025-26 सालचे उत्पन्न म्हणून तेच वर्ष निवडले, तर पैसे आदल्या वर्षाच्या खात्यात जमा होतात. Self-Assessment Tax (300) निवडले, तर कर भरूनही तो अॅडव्हान्स टॅक्स म्हणून दिसत नाही. भरल्यावर चलनाची पीडीएफ त्याच दिवशी मागवावी. वर्ष किंवा प्रकार चुकला असेल तर ती पाहताच कळते, आणि पोर्टलवरून दुरुस्तीची मुदत थोड्याच दिवसांची असते.

हा मेसेज सरसकट सगळ्यांना पाठवणेही चूकच. साठी ओलांडलेल्या आणि धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पेन्शनरांना अॅडव्हान्स टॅक्स भरावा लागत नाही. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरून कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांचा सगळा कर 15 मार्चपर्यंत एकदाच येतो. त्यांना डिसेंबरात '75 टक्के' असा मेसेज गेला, तर दुसऱ्या दिवशी ऑफिसचा फोन दिवसभर वाजत राहतो. पाठवण्याआधी क्लायंटच्या यादीतून ही दोन नावांची रांग वेगळी काढली, की उरलेल्यांपैकी प्रत्येकाचा आकडा काढायला वेळ मिळतो.