पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला पोट दुखतं

सातवी-आठवीतली तेरा वर्षांची मुलगी. उंची वाढलेली, छातीची वाढ होऊन दोन वर्षं झालेली, पाळी मात्र अजून आलेली नाही. गणपती बसले त्या दिवशी तिचं ओटीपोट दुखायला लागलं. मोदक जास्त झाले असतील म्हणून आजीनं ओवा दिला. दोन-तीन दिवसांत दुखणं थांबलं. घट बसले तेव्हा पुन्हा तसंच दुखलं. या वेळी दोष उपासाच्या साबुदाण्यावर गेला. लक्ष्मीपूजनाला तर ती अंथरुणातच होती, आणि फराळाला बोल लागला. गावातल्या डॉक्टरांनी एकदा जंताचं औषध दिलं, एकदा लघवीच्या संसर्गाचं. प्रत्येक औषधानं तिला बरं वाटलं, कारण ते दुखणं तीन-चार दिवसांनी आपलं आपण थांबणारच होतं.

ही मुलगी कुणी एक नाही. अशा अनेक मुलींच्या हकिकतींतून ती बेतली आहे. या तीन सणांच्या तारखा मात्र नीट पाहाव्यात. गणेशचतुर्थी ते घटस्थापना साधारण सत्तावीस दिवस आणि घटस्थापना ते लक्ष्मीपूजन एकोणतीस. जंतांना आणि अपचनाला असा हिशेब कळत नाही. दर चार आठवड्यांनी येऊन तीन-चार दिवस राहणारं दुखणं वयात आलेल्या मुलीला होत असेल, तर तिला पाळी सुरू झालेली असण्याची दाट शक्यता आहे. ती फक्त बाहेर दिसत नाही.

असं का होतं ते समजायला शरीराची थोडी रचना पाहावी लागते. योनीच्या तोंडाशी एक पातळ पडदा असतो, त्याला योनिपटल म्हणतात. गर्भात तो बंद असतो आणि जन्माच्या सुमारास त्याला आपोआप छिद्र पडतं. पाळीचं रक्त त्यातून बाहेर येतं. साधारण हजार ते दहा हजार मुलींमध्ये एखादीच्या बाबतीत हे छिद्र पडायचं राहून जातं. तिचं गर्भाशय, अंडाशय आणि संप्रेरकं अगदी व्यवस्थित असतात. म्हणूनच छातीची वाढ, काखेतले केस, उंची हे सगळं वेळेवर होतं आणि घरच्यांना शंका येत नाही. दर महिन्याला गर्भाशयाचं अस्तर सुटतं, रक्त खाली उतरतं आणि बंद पडद्याच्या मागे योनीत साठतं.

योनी ताणली जाऊ शकते, त्यामुळे पहिले काही महिने तिच्यात रक्त मावतं आणि दुखणं त्या तीन-चार दिवसांपुरतं राहतं. साठा वाढतो तशा कळा लांबतात, मग मधल्या दिवसांतही ओटीपोट जड वाटतं, कंबर भरून येते. पुढे मूत्रमार्ग आणि मागे गुदाशय, यांच्या मधोमध ही फुगलेली योनी असते. ती मागे दाबते तेव्हा शौचाला त्रास होतो. पुढे दाबते तेव्हा लघवी अडते.

आपल्या मुलीचं नेमकं हेच झालं. मार्गशीर्ष लागता लागता एका रात्री तिला लघवीच होईना. तालुक्याच्या रुग्णालयात नेलं तेव्हा पोट बेंबीपर्यंत फुगलेलं होतं. लघवीची नळी घातली की अशा वेळी मूत्राशय रिकामं होतं, मुलगी शांत होते, आणि संसर्ग असेल असं म्हणून तिला घरी पाठवलं जाण्याची शक्यता असते. पण या प्रसंगात दोन गोष्टी हमखास दिसू शकतात. एक म्हणजे लघवी पूर्ण निघाल्यावरही ओटीपोटात गोळा हाताला लागतो. दुसरी म्हणजे नळी घालणाऱ्या सिस्टरची नजर नेमक्या जागी असते. मूत्रमार्गाच्या खालीच, योनीच्या तोंडाशी, निळसर झाक असलेला ताणलेला फुगवटा दिसतो. सिस्टरनं तो पाहिला आणि मुलीच्या आईला विचारलं, “ताई, हिला पाळी येते का?”

“नाही हो, अजून नाही.”

“आणि पोट आधी कधी दुखलं होतं?”

आईनं तिन्ही सण सांगितले. निदान जवळजवळ तिथेच झालं.

डॉक्टरांची तपासणी कशी असते याची धास्ती घरात सर्वांत जास्त असते, म्हणून ती नीट सांगायला हवी. मुलीला आधी सगळं समजावून सांगतात, तिची आणि पालकांची संमती घेतात. तिला हवी असेल तर आई शेजारी उभी राहते. मुलगी उताणी झोपून गुडघे बाजूला करते, डॉक्टर बाहेरचे ओठ हलकेच बाजूला करून पाहतात आणि तिला खोकायला सांगतात. खोकताना बंद पडदा पुढे फुगतो. एवढंच पुरतं. आत बोट घालायची किंवा उपकरण वापरायची गरज नसते. सोनोग्राफीही पोटावरूनच होते, लघवी भरलेली असताना. रिपोर्टमध्ये ‘हिमॅटोकॉल्पॉस’ असा शब्द आला, तर त्याचा अर्थ योनीत रक्त साठलं आहे. इथे एक चूक होऊ शकते. बाहेरून न पाहता फक्त सोनोग्राफी केली, तर हा साठा अंडाशयाची गाठ वाटू शकतो आणि नको असलेलं पोटाचं ऑपरेशन ठरतं. म्हणून रिपोर्टच्या आधी नजर हवी.

निदान झाल्यावर घाई करून सुईनं रक्त ओढून काढायचा मोह टाळायला हवा. सुईचं भोक लगेच बुजतं, रक्त पूर्ण निघत नाही, आणि आतल्या जुन्या रक्तात जंतू मात्र शिरतात. मग रक्ताच्या जागी पू होतो आणि साधं प्रकरण गंभीर होऊन बसतं. लघवीची नळी घालून रात्र काढता येते. त्यानंतर व्यवस्थित ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देऊन, एकदाच पण पुरतं काम करावं.

ते कामही मोठं नाही. मूत्रमार्गाला इजा होऊ नये म्हणून नळी ठेवूनच पडद्यावर अधिकच्या चिन्हासारखा किंवा गोलाकार छेद घेतात. काकवीसारखं दाट, गडद तपकिरी रक्त बाहेर येतं. ते अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. ते आपल्या ओघानं वाहू द्यायचं असतं. वरून पोट दाबून गर्भाशय पिळलं, तर रक्त उलट दिशेनं नलिकांमध्ये जाऊ शकतं. पडद्याच्या जादा कडा कापून विरघळणाऱ्या बारीक टाक्यांनी शिवतात, म्हणजे छिद्र पुन्हा मिटत नाही. बहुतेक मुली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. पुढचे काही दिवस गडद स्राव येत राहतो आणि कळाही येतात, तेव्हा पॅड वापरायचं आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घ्यायची. ताप आला, स्रावाला घाण वास आला किंवा स्राव अचानक थांबून पोट पुन्हा दुखू लागलं, तर लगेच परत दाखवायचं. महिना-दीड महिन्यानं सोनोग्राफी करून साठा उरला नाही ना, हे पाहतात.

एक महत्त्वाचा फरक मात्र कापण्याआधीच करावा लागतो. प्रत्येक अडथळा या पातळ पडद्याचाच असतो असं नाही. काही मुलींच्या योनीत आणखी वर जाड आडवा पडदा असतो, तर काहींमध्ये योनीचा खालचा भाग तयारच झालेला नसतो. दुखणं तसंच, दर महिन्याला येणारं. पण बाहेरून पाहिलं तर निळसर फुगवटा नसतो, खोकल्यावर काही पुढे येत नाही, फक्त गुलाबी त्वचा दिसते. अशा ठिकाणी छेद घेणं धोक्याचं आहे, कारण मूत्राशय आणि गुदाशय अगदी लगत असतात आणि नुसता छेद घेतलेली जागा आकसून पुन्हा बंद होते. आधी एमआरआय करून अडथळा किती वर आहे आणि किती जाड आहे, हे मोजावं लागतं, मूत्रपिंडंही तपासावी लागतात. ऑपरेशन अशा कामाचा अनुभव असलेल्या शल्यविशारदाकडेच, बहुधा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व्हायला हवं. तोवर संप्रेरकांच्या गोळ्यांनी पाळी थांबवून ठेवता येते. त्यामुळे दुखणं थांबतं आणि तयारीला वेळ मिळतो.

थांबायचं तरी किती, हा प्रश्न घरोघर असतो. ‘कुणाला उशिरा येते’ हे खरंच आहे. छातीची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन ते तीन वर्षांत पाळी येते. तीन वर्षं उलटली किंवा पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि पाळी आली नाही, तर दुखत नसलं तरी दाखवावं. दर महिन्याला दुखत असेल तर मात्र पंधराव्या वर्षाची वाट पाहू नये, कारण साठा वाढत जातो तसं रक्त गर्भाशयात आणि पुढे नलिकांवाटे पोटात उतरू लागतं. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात: पोट दर महिन्याला दुखतं आणि पाळी अजून आलेली नाही. बहुतेकदा पहिली सांगितली जाते आणि दुसरी कुणी विचारत नाही, म्हणून महिने वाया जातात.

शेवटी ती भीती, जी आई दवाखान्यात हळू आवाजात बोलून दाखवते: पडदा कापला तर पुढे लग्नाच्या वेळी काही होईल का? योनिपटल प्रत्येकीत वेगळ्या आकाराचं असतं आणि त्यावरून कुणाच्या शरीरसंबंधांबद्दल काहीही सांगता येत नाही, हे वैद्यकशास्त्राचं स्पष्ट मत आहे. या ऑपरेशनमध्ये तिचं काही काढून घेतलं जात नाही, जे छिद्र जन्मतःच असायला हवं होतं ते करून दिलं जातं. अडथळा फक्त योनिपटलाचा असेल आणि वेळेत दूर झाला, तर पुढची पाळी, वैवाहिक आयुष्य आणि मातृत्व इतर बायकांसारखंच असतं. डिस्चार्जचा कागद जपून ठेवावा, पुढे कुठल्याही डॉक्टरांना दाखवायला तो उपयोगी पडतो. घरात धाकटी बहीण असेल तर तिच्याबद्दलही त्याच भेटीत विचारावं. हा दोष क्वचित बहिणींमध्ये आढळतो, आणि बाहेरून एकदा पाहिलं की तिच्या बाबतीत तो आहे की नाही हे कळतं, दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी आधी.