हर्मिट क्रॅब शंख बदलण्यासाठी उंचीप्रमाणे रांग का लावतात?

बाबांनी नवा फोन घेतला की त्यांचा जुना ताईकडे जातो, ताईचा तुमच्याकडे आणि तुमचा आजीकडे. विकत एकच फोन आला, पण अपग्रेड चौघांचं झालं! समाजशास्त्रात याला ‘रिकाम्या जागांची साखळी’ म्हणतात. माणसं नोकऱ्या कशा बदलतात हे समजून घेताना ही कल्पना पुढे आली. नंतर इव्हान चेस या अमेरिकन अभ्यासकाच्या लक्षात आलं, की समुद्रकिनाऱ्यावरचे हर्मिट क्रॅबसुद्धा नेमकं हेच करतात.

आधी त्यांची अडचण समजून घेऊ. हर्मिट क्रॅबच्या शरीराचा पुढचा भाग इतर खेकड्यांसारखाच टणक असतो, पण मागचं पोट मऊ आणि पिळदार असतं. त्यावर कवच नसतं. म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधतो, त्यात पोट घालतो आणि तो शंख पाठीवर घेऊन फिरतो. खेकडा वाढतो, शंख मात्र वाढत नाही. घट्ट शंखात राहिलं तर वाढ खुंटते आणि धोका आला की पूर्ण आत शिरता येत नाही. जमिनीवर राहणारे हर्मिट क्रॅब शंखात थोडं पाणीही साठवतात. लहान शंखात ते कमी मावतं आणि शरीर कोरडं पडायची भीती असते. बरं, खूप मोठा शंखही नको, कारण ते ओझं दिवसभर ओढत न्यावं लागतं. थोडक्यात, साईज बरोबर हवी. आणि किनाऱ्यावर चांगले रिकामे शंख सहसा पडून नसतात, त्यात आधीच कोणीतरी राहत असतं.

आता चला कॅरिबियन समुद्रात, बेलीझ देशाच्या कॅरी बो के या छोट्या बेटावर. जमिनीवरच्या हर्मिट क्रॅबची ही अदलाबदल रँडी रोटजन आणि तिच्या सहकाऱ्यांनी इथे बारकाईने पाहिली. त्यांचा पेपर 2010 मध्ये आला.

समजा, वाळूवर एक मोठा रिकामा शंख आला. पहिला खेकडा येतो, पायांनी आणि नांगीने चाचपून पाहतो. शंख त्याला फारच मोठा आहे. पण तो निघून जात नाही, जवळच थांबतो. दुसरा येतो, तिसरा येतो. त्यांनाही शंख मोठाच होतो, तेही थांबतात. ही वाट पाहणी कधी कधी तासन्‌तास चालते. यांना नेमकं काय हवंय? हा शंख नकोच आहे. हवा आहे तो असा मोठा खेकडा, ज्याला हा शंख फिट बसेल. कारण तो आत शिरला की त्याचा जुना शंख रिकामा होणार!

गर्दी वाढली की रांग लागते. प्रत्येक जण आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या खेकड्याचा शंख पकडून ठेवतो. त्यामागे त्याहून लहान, त्यामागे अजून लहान. इथे कुणी शिट्टी वाजवणारा पीटीचा सर नसतो. क्रम आपोआप लागतो, कारण प्रत्येकाला एकच गोष्ट साधायची असते: माझ्या पुढच्याचा शंख मला बसला पाहिजे. चुकीच्या माणसामागे, म्हणजे चुकीच्या खेकड्यामागे उभं राहिलात, तर मिळणारा शंख ढगळ होईल किंवा आहे त्याहून घट्ट.

मग योग्य मापाचा मोठा खेकडा येतो आणि रिकाम्या शंखात शिरतो. त्याच क्षणी मागचा त्याच्या जुन्या शंखात, त्यामागचा त्याच्या शंखात... काही सेकंदांत सगळी रांग सरकते. हा वेग महत्त्वाचा आहे. शंखाबाहेर उघडं पोट घेऊन थांबणं म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण, आणि उशीर केला तर शंख दुसराच पळवणार. म्हणून पुढच्याला आधीच धरून ठेवायचं.

सगळंच शिस्तीत होतं असं मात्र नाही. कधी एका शंखासाठी दोन रांगा लागतात आणि चक्क रस्सीखेच सुरू होते. मधेच एखादा शंख फुटका निघाला तर साखळी तिथेच तुटते, कारण त्यात शिरायला मागचा तयार नसतो. कधी ऐनवेळी कोणी घुसतं आणि एखादा बिचारा उघडाच राहतो. आणि प्रत्येक अदलाबदलीला रांग लागतेच असंही नाही. बऱ्याचदा एकटा खेकडा येतो, शंख बदलून निघून जातो, आणि त्याचा जुना शंख नंतर दुसऱ्या कुणाला तरी सापडतो. साखळी तीच, फक्त हळू.

कोकणात भरती ओसरल्यावर खडकांतल्या पाण्याच्या डबक्यांपाशी थोडा वेळ स्थिर बसा. एखादा शंख गोगलगायीपेक्षा फारच चपळ पळताना दिसला, की समजा आत हर्मिट क्रॅब आहे. बेलीझसारखी लांब रांग दिसेलच असं नाही, पण दोघं एकमेकांचे शंख चाचपताना दिसू शकतात. आणि तिथला रिकामा शंख खिशात टाकलात, तर कदाचित अख्ख्या साखळीचा पहिला फोनच तुम्ही उचललात!