पडदा काळवंडतो तेव्हा

दुकानाचा हिशेब लिहिणाऱ्या मुलीला मेलवर एक बिल येतं. नाव दिसतं Bill.pdf. खरं नाव Bill.pdf.exe असतं, पण विंडोज नावाचं शेवटचं शेपूट सहसा लपवून ठेवतं. ती फाइल उघडते. पडदा काळवंडतो आणि पिवळ्या पट्टीची चौकट येते. त्यात Publisher: Unknown असं लिहिलेलं असतं, खाली Yes आणि No. घाईत ती Yes दाबते.

साधं बिल वाचायला ही चौकट कधीच येत नाही. ती आली, म्हणजे उघडतंय ते बिल नव्हे, प्रोग्राम आहे, आणि त्याला अख्ख्या संगणकाचे अधिकार हवे आहेत.

ही चौकट 2007 साली विंडोज व्हिस्टाबरोबर आली. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून आत शिरताना विंडोज तुमच्या नावाचे दोन परवाने बनवतं, एक साधा आणि एक पूर्ण अधिकारांचा. रोजची कामं साध्या परवान्यावर चालतात. Yes दाबलं की त्या प्रोग्रामच्या हातात पूर्ण परवाना जातो. मग तो विंडोजच्या फाइली बदलू शकतो, अँटिव्हायरस बंद पाडू शकतो, घरातल्या इतरांच्या खात्यांतही डोकावू शकतो. पडदा काळवंडतो तोही उगाच नाही. त्या वेळी चौकट वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर असते, म्हणजे दुसरा प्रोग्राम तुमच्या वतीने Yes दाबू शकत नाही.

मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं वापरायला हरकत काय? पूर्ण परवाना तिथे एका क्लिकवर असतो, आणि रोज चौकटी पाहून हाताला Yes ची सवय लागते. शिवाय विंडोजचे स्वतःचे काही प्रोग्राम न विचारता वरचे अधिकार घेतात, आणि त्यांच्या आडून चौकट टाळण्याच्या युक्त्या व्हायरस लिहिणाऱ्यांना ठाऊक आहेत. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातली ही चौकट म्हणजे भक्कम भिंत नव्हे, असं खुद्द मायक्रोसॉफ्टही मानतं.

साध्या, म्हणजे स्टँडर्ड खात्यात पूर्ण परवाना मुळात नसतोच. तिथे चौकट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते. तो टाइप करताना माणूस थांबतो, आणि त्या मुलीला तो माहीतच नसेल तर गोष्ट तिथेच संपते.

मात्र साध्या खात्यातही तुमच्या स्वतःच्या फाइली तुमच्याच हाती असतात. त्या कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची गरज पडत नाही. त्यासाठी वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवावी आणि एरवी ती डिस्क काढून ठेवावी.

बदल करताना क्रम चुकवू नका. Settings मधल्या Accounts मध्ये आधी नवं खातं काढा, त्याला Administrator करा, पासवर्ड द्या आणि एकदा त्यातून आत शिरून पाहा. मग तिथूनच आपलं जुनं खातं Standard User करा. फाइली, फोटो, सगळं जागच्या जागी राहतं.