नाही म्हणायची सोय

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायचं असतं. 'सरका' म्हणणारे भेटतात, पण बहुतेक जण 'जरा सरकता का?' असं विचारतात. रूप प्रश्नाचं, पण 'हो, सरकतो की' म्हणून कुणी जागचा हललाच नाही तर ती चेष्टा ठरेल. ही विनंती आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. मग आडवळण कशाला?

चारचौघांत वावरताना माणूस स्वतःचा मान जपतो आणि समोरच्याचाही सांभाळतो, असं समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ मध्ये मांडलं. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या भाषा ताडून १९७८ मध्ये ते पुढे नेलं. लोकांनी आपल्याला आपलं मानावं असं आपल्याला वाटतं, तसंच आपल्यावर कुणी हुकूम गाजवू नये असंही वाटतं. आज्ञा या दुसऱ्या इच्छेवर घाव घालते. प्रश्न मात्र 'पाय आखडलाय हो' म्हणायला वाट ठेवतो. नकार मिळाला तरी विचारणाऱ्याचाही पाणउतारा होत नाही.

किती आडून बोलायचं, हे नातं किती दूरचं, अधिकार कुणाचा आणि मागणं किती जड, यावर ठरतं. बहिणीला 'शंभर रुपये दे गं' चालतं. शेजारच्या काकूंकडे पाच हजार मागताना तीच बाई म्हणते, 'थोडे पैसे असतील का हो? जमत असेल तरच, पुढच्या महिन्यात देते.' त्याच काकूंच्या घरात गॅसचा वास आला, तर ती 'सिलिंडर बंद करा!' असं ओरडते आणि कुणाला काही वाटत नाही. उलट बहिणीला 'तुला शक्य असेल तर शंभर रुपये देशील का?' म्हणून पाहा. कशावरून तरी बिनसलंय, असंच ती धरून चालेल.

म्हणजे जितकं आडून तितकं सभ्य, असंही नाही. शोशाना ब्लूम-कुल्का यांनी हिब्रू आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना विचारलं, तेव्हा सर्वांत सभ्य ठरली ती 'कराल का?' या घाटाची सरळ विनंती. नुसतं सुचवणं तिच्या मागे पडलं. सूचक बोलण्याचा अर्थ ऐकणाऱ्याला हुडकावा लागतो, आणि माझ्या मते तेही एक लादलेलं कामच.

शिवाय सुचवलेलं सहज बाजूला सारता येतं. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाचं विमान उड्डाणासाठी धावू लागलं. इंजिनाचे आकडे चुकीचे वाटत होते. सहवैमानिकाने 'थांबा' म्हटलं नाही. हे बरोबर वाटत नाही, नाही का, असं सुचवलं. कप्तान बरोबर आहे म्हणाला, तेव्हा त्याने असेलही म्हणून माघार घेतली. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून पाण्यात कोसळलं. ७८ माणसं मेली.