कॅमेऱ्याच्या फोटोवरून रेकॉर्डर कसा निवडायचा?

सोसायटीचा डीव्हीआर बंद पडतो, कॅमेरे मात्र धडधाकट असतात. मग जिन्यातल्या कॅमेऱ्याचा फोटो दुकानदाराला पाठवला जातो आणि विचारलं जातं, ‘याला कोणता रेकॉर्डर चालेल?’ फोटोत पांढरं नळकांडं, मधोमध लेन्स आणि भोवती इन्फ्रारेडचे दिवे दिसतात. यावरून कॅमेरा बुलेट आहे, डोम नाही, एवढंच कळतं. ॲनालॉग आणि आयपी कॅमेरे बाहेरून हुबेहूब सारखे असू शकतात, त्यामुळे नुसत्या समोरून काढलेल्या फोटोवर रेकॉर्डर घेऊ नये.

पहिला उपयोगी फोटो कॅमेऱ्यातून निघणाऱ्या वायरच्या टोकाचा. तिथे वीज देणाऱ्या गोल पिनेशेजारी पिळून अडकवायचा धातूचा गोल कनेक्टर असेल, तर तो बीएनसी. म्हणजे कॅमेरा कोॲक्शियल केबलवर चालणारा, त्याला डीव्हीआर लागतो. त्याऐवजी इंटरनेटच्या वायरसारखी चौकोनी खाच दिसली, तर कॅमेरा आयपी आणि त्याला लागतो एनव्हीआर. अशा कॅमेऱ्यावर PoE लिहिलेलं असेल, तर त्याला वीजही त्याच वायरमधून देता येते. इथे एका गोष्टीने अनेकजण फसतात. लेबलवर IP66 असं दिसलं की कॅमेरा आयपी आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो आकडा धूळ आणि पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आहे. बीएनसीवाल्या कॅमेऱ्यावरही तो असतो.

दुसरा फोटो लेबलचा. ते बहुधा कॅमेऱ्याच्या पोटाखाली किंवा बैठकीजवळ असतं. टॉर्च समोरून न मारता तिरकी धरली, तर चकाकी टळते आणि अक्षरं वाचता येतात. समजा, लेबलवर हिकव्हिजनचा हा मॉडेल नंबर आहे:

DS-2CE16D0T-IRF

यातलं 2CE सांगतं की कॅमेरा कोॲक्शियल केबलवरचा आहे. तिथे 2CD असतं, तर तो आयपी ठरला असता. एका अक्षराने रेकॉर्डरची जात बदलते, म्हणून ते फोटोत स्पष्ट यायला हवं. 16 म्हणजे बुलेट. D0T म्हणजे 2 मेगापिक्सेल, अर्थात 1920 × 1080 पिक्सेलचं चित्र, ज्याला 1080p म्हणतात. शेवटचा F सांगतो, की हा कॅमेरा टीव्हीआय, एएचडी, सीव्हीआय आणि जुना साधा सीव्हीबीएस असे चारही सिग्नल देऊ शकतो. लेबलवर 3.6 mm असंही लिहिलेलं असेल. तो लेन्सचा आकडा. त्यावरून चित्रात किती रुंद जागा मावेल हे कळतं, चित्र किती स्पष्ट येईल हे कळत नाही.

आता रेकॉर्डर. बीएनसी सगळ्यांची सारखीच असली, तरी आतला सिग्नल जुळला नाही तर पडदा काळा राहतो किंवा चित्र कृष्णधवल, फाटकं येतं. वरच्या मॉडेलला टीव्हीआय 1080p घेणारा डीव्हीआर बिनदिक्कत चालेल. डीव्हीआर दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर वायरवरचं छोटं बटण काही सेकंद दाबून धरून सिग्नल बदलता येतो. मात्र बदलताना तो सीव्हीबीएसवर राहिला, तर चित्र दिसतं पण 576 ओळींचंच. कॅमेरा 2 मेगापिक्सेलचा असूनही गाडीचा नंबर वाचता येत नसेल, तर आधी हे तपासा.

डीव्हीआरच्या माहितीत ‘1080p Lite’ असं लिहिलेलं असेल, तर तिथेही थांबून वाचायला हवं. असा रेकॉर्डर 960 × 1080 पिक्सेल साठवतो, म्हणजे रुंदीतले निम्मे पिक्सेल जातात. जिन्यावरच्या हालचालीसाठी एवढं पुरेल, फाटकावर चेहरा ओळखायचा असेल तर कमी पडेल. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांपैकी ज्याची क्षमता कमी, तेवढंच चित्र शेवटी हाती लागतं. म्हणून 2 मेगापिक्सेलच्या चार कॅमेऱ्यांसाठी डीव्हीआर घेताना चारही चॅनेलवर पूर्ण 1080p रेकॉर्डिंग होतं का, हे विचारावं.

ऊन-पावसाने लेबल पुसलं गेलं असेल, तर रिझोल्यूशन फोटोवरून सांगता येत नाही. अशा वेळी कॅमेरा अनेक पद्धती ओळखणाऱ्या चालू डीव्हीआरला जोडावा. त्याच्या मेनूमध्ये त्या चॅनेलवर येणारा सिग्नल आणि रिझोल्यूशन बहुधा दिसतं. एकच कॅमेरा तपासून थांबू नये. वर्षानुवर्षं एकेक बदलत गेलेल्या कॅमेऱ्यांत एखादा 5 मेगापिक्सेलचा किंवा आयपी निघतो. दुकानदाराला फोटो पाठवाल तेव्हा प्रत्येक कॅमेऱ्याचं लेबल आणि वायरचं टोक, शिवाय जुन्या डीव्हीआरच्या मागच्या बाजूचा आणि त्याच्या लेबलचा एकेक फोटो पाठवा.