आकडा ठरला, भांडण उरले

रस्त्यावर माणूस गेला की त्याच्यामागे राहिलेल्यांना नुकसानभरपाई मागता यावी, ही कायद्याच्या दृष्टीने तशी अलीकडची गोष्ट आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात जखमी माणसाला दावा करता येई, मृताच्या बायकोमुलांना मात्र काहीच मिळत नसे. तिथे १८४६ साली कायदा झाला आणि हिंदुस्थानात १८५५ साली त्याच धर्तीवर प्राणांतिक अपघातांचा कायदा आला. हक्क मिळाला, पण किती रक्कम द्यायची याचा हिशेब कायद्याने सांगितला नाही. तो हिशेब बसवायला पुढची दीडशेहून अधिक वर्षे गेली, आणि मागे वळून पाहण्यासारखी गोष्ट तीच आहे.

आज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालणारी गुणक पद्धत १९४२ मधल्या एका इंग्लिश खटल्यातून आली. तो खटला मोटारीचा नव्हता, कोळसा खाणीतल्या कामगारांच्या मृत्यूचा होता. पद्धतीचे तत्त्व साधे आहे. मृत माणूस कमाईतला किती भाग घरच्यांवर खर्च करत होता ते वर्षाच्या हिशेबाने काढायचे. हा झाला गुण्य. त्याला एका ठरावीक आकड्याने गुणायचे. तो झाला गुणक.

दावेदारांना हमखास पडणारा प्रश्न इथेच येतो. माणूस ३४ वर्षांचा होता, साठीपर्यंत २६ वर्षे कमावला असता, मग २६ ऐवजी १६ नेच का गुणायचे? कारण पैसे २६ वर्षांत थोडेथोडे मिळणार होते आणि भरपाई एकदम हातात पडते. ती रक्कम गुंतवली तर व्याज येते. दरवर्षी व्याज आणि थोडे मुद्दल काढत राहायचे, आणि आधाराची वर्षे सरतील तेव्हा मुद्दलही संपलेले असावे, अशी कल्पना आहे. महागाई वजा जाता दरसाल ४ टक्के व्याज सुटते असे धरले, तर १६ वर्षांच्या आधाराइतकी रक्कम जवळजवळ २६ वर्षे पुरते. न्यायालयांनी गुणक असे सूत्र मांडून काढले नाहीत, ते अनुभवाने ठरत गेले. पण हिशेब साधारण जुळतो.

आपल्याकडे नव्वदच्या दशकापर्यंत मात्र एकवाक्यता नव्हती. काही न्यायालये उरलेल्या सगळ्या वर्षांनी गुणत, काही त्यातून अंदाजाने काहीतरी कापत. केरळ राज्य परिवहनाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या मनमानीला नकार दिला आणि गुणक पद्धतच योग्य असे सांगून कमाल गुणक १६ ठेवला. हा निकाल सुसम्मा थॉमस या नावाने ओळखला जातो. १९९४ साली संसदेने मोटार वाहन कायद्याला दुसरे परिशिष्ट जोडले. त्यात वय आणि उत्पन्नाप्रमाणे तयार रकमांचा तक्ता होता, आणि तो चुकांनी भरलेला होता. १५ ते २० वयोगटासाठी गुणक १६ छापला होता. वर्षाला ३,००० रुपये उत्पन्न असेल तर गुणाकार ४८,००० येतो, तक्त्यात ५७,००० होते. १९९६ च्या त्रिलोकचंद्र निकालात सर्वोच्च न्यायालयाने या चुका दाखवून दिल्या आणि कमाल गुणक १८ केला. कायद्याच्या परिशिष्टातला गुणाकार चुकावा आणि तो दाखवायला सर्वोच्च न्यायालय लागावे, याला काय म्हणावे!

खरी शिस्त आली ती १५ एप्रिल २००९ च्या सरला वर्मा निकालाने. न्यायमूर्ती रवींद्रन यांनी वेगवेगळ्या निकालांतले गुणक शेजारी शेजारी मांडले आणि एकच तक्ता दिला: २५ वर्षांपर्यंत १८, मग १७, १६, १५ असे उतरत पासष्टीपुढे ५. मृत माणूस स्वतःवर किती खर्च करत असेल, याचेही त्यांनी ठोकताळे बांधून दिले. दोन-तीन अवलंबित असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, त्याहून जास्त असतील तर एक पंचमांश, आणि अविवाहित असेल तर साधारण निम्मा भाग वजा करायचा. पगार पुढे वाढला असता त्याचे काय, यावर त्या निकालाने कायम नोकरीवाल्यांचाच विचार केला. चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराच्या पगारात ५० टक्के वाढ धरायची, स्वतःचा धंदा करणाऱ्याची मात्र आजची कमाई तेवढीच खरी. मला हा भाग अन्यायाचाच वाटत आला आहे. टेम्पोचे भाडे काय वर्षानुवर्षे तेच राहते? ३१ ऑक्टोबर २०१७ ला घटनापीठाने प्रणय सेठी निकालात ही दरी बरीचशी बुजवली. धंदेवाईक किंवा ठरावीक पगारावरचा माणूस चाळिशीच्या आतला असेल तर ४० टक्के वाढ धरायची असे ठरले.

या टप्प्यांतले अंतर एका कल्पित घरात पाहू. सातारा जिल्ह्यातला ३४ वर्षांचा टेम्पोचालक, महिन्याची निव्वळ कमाई १८,००० रुपये, मागे बायको, दोन मुले आणि आई. २००९ च्या हिशेबाने एक चतुर्थांश वजा करून महिना १३,५०० उरतात. वर्षाचे १,६२,००० झाले, आणि १६ ने गुणल्यावर २५,९२,०००. २०१७ च्या हिशेबाने आधी ४० टक्के वाढ धरून कमाई २५,२०० होते, चौथा हिस्सा जाऊन १८,९०० उरतात, आणि १२ व १६ ने गुणून ३६,२८,८०० होतात. सहवास गमावल्याचे, अंत्यविधीचे आणि संपदेच्या हानीचे ठरावीक आकडे त्यावर वेगळे. म्हणजे गुणक तोच राहून आधाराची रक्कम दहा लाखांनी वाढली.

आता विमा कंपनीचा वकील काय करतो ते पाहा. वय आधार कार्डावर असते, गुणक तक्त्यात असतो, अवलंबित रेशनकार्डावर असतात. उरते ती कमाई. टेम्पोवाल्याच्या कमाईचा कागद नाही म्हटल्यावर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास अंदाज बांधते. तो १२,००० धरला, तर हीच रक्कम २४,१९,२०० वर येते. महिन्याच्या सहा हजारांच्या वादात बारा लाख गेले. या घराच्या बाबतीत सिद्ध झालेल्या मासिक कमाईच्या प्रत्येक रुपयाला २०१ रुपये साठ पैसे लागतात. म्हणूनच सगळी उलटतपासणी या एका आकड्याभोवती फिरते.

ज्यांच्या कमाईचा कागद कधीच नसतो त्यांचे काय? गृहिणीच्या कामाचे मोल परिशिष्टाने कमावत्या नवऱ्याच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा एवढेच धरले होते. जानेवारी २०२१ च्या कीर्ती निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीचे उत्पन्न काल्पनिक धरतानाही भविष्यातली वाढ मिळवता येते, असे सांगितले. उशीर झाला, पण दिशा योग्य होती. विम्याच्या पैशांवरून होणारा वाद तर १९९८ मध्येच मिटला आहे. मृताच्या आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा होत नाही, हे आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्या खटल्यातच ठरले.

दुरुस्त कायदा १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यात जुने परिशिष्ट गेले आणि दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत परत आली. शिवाय व्याज अर्जाच्या तारखेआधीपासून मिळत नाही. तेव्हा कोणाच्या घरी अशी वेळ आलीच, तर बँकेचे पासबुक, भाड्याच्या पावत्या, डिझेलची बिले, कर्जाच्या हप्त्यांच्या नोंदी दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत हरवू देऊ नका, आणि ज्यांच्याकडून तो भाडी घेत असे त्यांना साक्षीला यायला आधीच विचारून ठेवा.